हजार तास खरे, पण कोणते तास?

हंगाम संपला की कोणत्या फुटबॉल संघात किती दुखापती झाल्या याची यादी निघते आणि ती क्रमाने लावायचा मोह कुणालाच आवरत नाही. तळाला आलेल्या संघात मग खापर फोडायला डोकं शोधलं जातं. ते बहुधा फिजिओचं असतं, कधी तंदुरुस्तीच्या प्रशिक्षकाचं. यादी करणारे आता पूर्वीइतके भोळे राहिलेले नाहीत. नुसत्या दुखापती मोजून भागत नाही, त्यांना खेळलेल्या तासांनी भागावं लागतं, एवढं त्यांना कळलेलं आहे. म्हणून हल्ली तक्त्यात ‘दर १००० तासांमागे ७.६ दुखापती’ असा नेटका आकडा दिसतो. आमचं म्हणणं असं की या नेटक्या आकड्यावर संघांची क्रमवारी लावणं नुसत्या मोजणीवर लावण्याइतकंच चुकीचं आहे. कधी कधी जास्तच, कारण तासांनी भागलं की हिशेब शास्त्रशुद्ध झाला असं वाटतं आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

आधी हिशेब. एका खेळाडूने एक तास सराव केला किंवा सामना खेळला की तो एक खेळाडू-तास. अकरा खेळाडू नव्वद मिनिटं खेळले की एका संघाचे ११ गुणिले दीड, म्हणजे साडेसोळा तास होतात. बदली खेळाडू आला तरी त्यात फरक पडत नाही, मैदानावर अकराच असतात. सरावाचे तास असेच मोजायचे, फक्त तिथे खेळाडूंची संख्या रोज बदलते. दुखापतींची संख्या एकूण तासांनी भागायची आणि हजाराने गुणायचं.

आता दोन संघ घेऊ. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण व्यावसायिक संघाच्या हंगामात बसतील असेच आहेत. ‘अ’ संघ लीगबरोबर चषकातही पुढपर्यंत गेला आणि त्याने ६० सामने खेळले. सामन्यांचे तास ९९०. इतके सामने असल्यावर सरावाला वेळ कमी उरतो, तो ४००० तास झाला. सामन्यांत २४ दुखापती, सरावात १४, एकूण ३८. ‘ब’ संघ चषकातून लवकर बाहेर पडला. त्याचे सामने ३६, म्हणजे ५९४ तास, आणि सराव ६००० तास. सामन्यांत १७ दुखापती, सरावात २५, एकूण ४२.

नुसती मोजणी केली तर ३८ आणि ४२, म्हणजे ‘ब’ वाईट. तासांनी भागलं तर ‘अ’चा दर ३८ भागिले ४९९०, म्हणजे हजारामागे ७.६, आणि ‘ब’चा ४२ भागिले ६५९४, म्हणजे ६.४. आता ‘अ’ वाईट. तक्ता करणारा इथे थांबतो आणि ‘मोजणीने फसवलं होतं, दराने खरं सांगितलं’ असं समाधान मानतो.

आपण आणखी एक पाऊल पुढे जाऊ. सामने आणि सराव वेगळे करू. सामन्यांत ‘अ’चा दर हजारामागे २४.२, ‘ब’चा २८.६. सरावात ‘अ’चा ३.५, ‘ब’चा ४.२. म्हणजे ‘अ’ संघ सामन्यातही कमी जायबंदी झाला आणि सरावातही कमी, तरी एकूण दरात तोच वाईट ठरला. बेरीज तपासून पाहा, कुठेही चूक नाही.

हे कसं झालं? सामन्यातला एक तास आणि सरावातला एक तास ही एकाच तोलाची मापं नाहीत. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या वतीने यान एकस्ट्रँड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून मोठ्या क्लबांच्या दुखापती नोंदवत आले आहेत. त्यांच्या पहिल्या सात हंगामांच्या हिशेबात ५ लाख ६६ हजार तास आणि ४४८३ दुखापती होत्या. एकूण दर निघाला हजारामागे ८.०, पण सामन्यांत २७.५ आणि सरावात ४.१. सामन्यातला तास सरावातल्या तासापेक्षा जवळपास सातपट महाग. तेव्हा एकूण दर दोन गोष्टींवर ठरतो: संघ किती वेळा जायबंदी होतो यावर, आणि त्याच्या तासांपैकी किती तास सामन्यांचे आहेत यावर. ‘अ’च्या तासांत जवळपास २० टक्के सामने होते, ‘ब’च्या तासांत ९ टक्के. चषकात पुढे गेल्याची शिक्षा ‘अ’ संघाला मिळाली, आणि ती शिक्षा वैद्यकीय पथकाच्या नावावर लिहिली गेली.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. एकूण दर संघांच्या तुलनेसाठी छापूच नये. सामन्याचा दर वेगळा, सरावाचा वेगळा. कुणाला एकच आकडा हवा असेल तर दोन्ही संघांना एकाच मिश्रणावर बसवावं. दोन्ही संघांचे तास एकत्र करा: सामन्यांचे १५८४, सरावाचे १०,०००. हे मिश्रण ‘अ’ संघाने त्याच्या दराने खेळलं असतं तर सामन्यांत ३८.४ आणि सरावात ३५, मिळून ७३.४ दुखापती झाल्या असत्या. ‘ब’ संघाने त्याच्या दराने खेळलं असतं तर ४५.३ आणि ४१.७, मिळून ८७. हजारामागे काढलं तर ६.३ आणि ७.५. क्रम सरळ झाला. कोणतं मिश्रण घेतलं ते मात्र लिहून द्यायला हवं, कारण आकडे त्यावर अवलंबून आहेत. इथे ‘अ’ दोन्हीकडे कमी असल्यामुळे कोणतंही मिश्रण घ्या, क्रम बदलणार नाही. पण एक संघ सामन्यांत बरा आणि दुसरा सरावात बरा असेल, तर मिश्रण बदलून हवा तो संघ वर आणता येतो. अशा वेळी एकच आकडा काढायचा नाही, दोन दर शेजारी ठेवायचे आणि गप्प बसायचं.

कुणी म्हणेल, चला, मग ठरलं, ‘ब’ संघ वाईट. तेही ठरलेलं नाही, आणि आमचा खरा आक्षेप इथून सुरू होतो.

सामन्यांत २४ आणि १७ दुखापती. इतक्या छोट्या मोजणीत नशिबाचा वाटा किती हे काढता येतं. दोन दरांचं गुणोत्तर २८.६ भागिले २४.२, म्हणजे १.१८. ‘ब’चा दर ‘अ’च्या १.१८ पट. या गुणोत्तराभोवती अनिश्चिततेचा पट्टा काढायचा तर एक गुणक लागतो. तो फक्त दोन मोजण्यांवरून निघतो, तासांची गरज नाही. स्प्रेडशीटमध्ये हे लिहा:

```
=EXP(1.96*SQRT(1/24+1/17))
```

उत्तर येतं १.८६. गुणोत्तर या गुणकाने भागलं की पट्ट्याची खालची कड मिळते, गुणलं की वरची. १.१८ भागिले १.८६ म्हणजे ०.६३, आणि १.१८ गुणिले १.८६ म्हणजे २.२०. अर्थ असा की ‘ब’चा खरा दर ‘अ’पेक्षा दुपटीहून जास्त असू शकतो, सारखा असू शकतो, किंवा ‘अ’च्या दोन तृतीयांशाहून कमीही असू शकतो. हाती असलेल्या नोंदी यातलं काहीच नाकारत नाहीत. सरावाचं गुणोत्तर काढलं तरी पट्टा ०.६२ ते २.२९ असा येतो, म्हणजे तीच गत.

मग हा फरक खरा की योगायोग हे कळायला किती वाट पाहावी लागेल? समजा दोन्ही संघ दरवर्षी असेच खेळले, सामन्यांतले दर असेच राहिले. पट्ट्याची खालची कड १च्या वर जायला सुमारे १४ हंगाम लागतील. १४ वर्षांत संघात तेच खेळाडू राहत नाहीत, तोच प्रशिक्षक राहत नाही, बऱ्याचदा मैदानही तेच राहत नाही. १८ टक्क्यांचा फरक दोन संघांच्या सामन्यांवरून सिद्ध करणं व्यवहारात अशक्य आहे. आणि तक्त्यांत शेजारी-शेजारी बसलेल्या संघांमध्ये बहुधा एवढाच किंवा याहून कमी फरक असतो.

हेच संपूर्ण लीगला लावून पाहू. १८ संघ, प्रत्येकाचे सामन्यांचे ७०० तास, आणि सगळ्यांचा खरा दर अगदी एकसारखा, हजारामागे २६. प्रत्येक संघाकडून १८ दुखापतींची अपेक्षा. पण नुसत्या योगायोगाने एखाद्याला १० होतील, एखाद्याला २६. दरात सांगायचं तर साधारण १४ ते ३७ एवढा पसारा काही कारण नसताना पडेल. त्यात दुखापती एकमेकींपासून सुट्या नसतात. ज्याला एकदा झाली त्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्षातला पसारा याहूनही मोठा. तरीही तक्त्यात कुणीतरी पहिला येईल आणि कुणीतरी अठरावा, आणि अठराव्याच्या फिजिओला बैठकीला बोलावलं जाईल.

आतापर्यंत आपण नोंदी खऱ्या आहेत असं धरून चाललो. नोंदी कशा होतात हे जवळून पाहिलं की आणखी दोन ठिकाणी पाणी मुरताना दिसतं: एक भाजकात, एक भाज्यात.

भाजक म्हणजे तास. सामन्याचे तास सगळ्यांना दिसतात, तिथे फारशी गडबड होत नाही. अतिरिक्त वेळ खेळवला गेला तर त्या सामन्याचे साडेसोळाऐवजी २२ तास धरायचे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. एक सवय मात्र तपासावी. क्लबातल्याच दोन तुकड्यांमधला सामना काही जण सामना म्हणून लिहितात. २००६ मध्ये फुटबॉलच्या अभ्यासकांनी मिळून जी नियमावली ठरवली तिच्यात सामना म्हणजे वेगवेगळ्या क्लबांमधला खेळ. आपापसातला सामना सरावात जातो. तो सामन्यांत घातला की सामन्यांच्या भाजकात मवाळ तास मिसळतात आणि सामन्याचा दर आपोआप सुधारतो.

खरी गडबड सरावाच्या तासांत आहे. समजा संघात २५ खेळाडू, वेळापत्रकात दीड तासाचा सराव. आळशी नोंद म्हणते २५ गुणिले दीड, साडेसदतीस तास. प्रत्यक्षात त्या दिवशी चार जण दुखापतीमुळे बाहेर होते, तीन राष्ट्रीय संघाबरोबर गेले होते, आणि दोघांना प्रशिक्षकाने चाळीस मिनिटांनी थांबवलं. पूर्ण सराव केला सोळांनी, त्यांचे २४ तास. दोघांचे मिळून १ तास २० मिनिटं. खरे तास सव्वापंचवीसच्या थोडे वर. वेळापत्रकावरून काढलेला आकडा यापेक्षा ४८ टक्क्यांनी फुगलेला आहे. रोज इतकं होणार नाही, पण हंगामभर ३० टक्के फुगवटा धरला तर ‘अ’ संघाचे ४००० तास ५२०० होतात आणि सरावातला दर ३.५वरून २.७वर येतो. एकही दुखापत न टाळता.

यातली गंमत म्हणा की विकृती, ती वेगळीच. वेळापत्रकावरून तास काढणाऱ्या संघात जितके जास्त खेळाडू जायबंदी, तितका भाजक खऱ्यापेक्षा जास्त फुगलेला. म्हणजे ही चूक सगळ्यांना सारखीच लागते, तेव्हा तुलनेत निघून जाईल, असं म्हणता येत नाही. ती चूक सर्वात जायबंदी संघाला सर्वात जास्त मदत करते. म्हणून तास खेळाडूगणिक आणि मिनिटांत लिहिलेले हवेत, आणि दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूचा फिजिओबरोबरचा वेगळा व्यायाम संघाच्या सरावात मिसळलेला नको. नोंदवही खरी आहे की वेळापत्रकाची नक्कल, हे ओळखणं अवघड नाही. सगळ्या खेळाडूंसमोर रोज ९० लिहिलेलं असेल तर ती नक्कल आहे. खऱ्या वहीत ३५, ६२, ८८ असे वेडेवाकडे आकडे असतात आणि बऱ्याच रांगा कोऱ्या असतात.

आता भाज्य, म्हणजे दुखापतच. दुखापत कशाला म्हणायचं? २००६च्या नियमावलीत तिची व्याख्या रुंद आहे: सामन्यात किंवा सरावात झालेली कोणतीही शारीरिक तक्रार. पण तुलनेसाठी बहुतेक ठिकाणी अरुंद व्याख्या वापरतात: जिच्यामुळे खेळाडू पुढच्या सरावात किंवा सामन्यात पूर्ण भाग घेऊ शकला नाही ती. एका संघाने रुंद आणि दुसऱ्याने अरुंद व्याख्या वापरली असेल तर तुलना तिथेच संपली, पुढे वाचायची गरज नाही.

दोघांनीही अरुंद व्याख्या वापरली तरी एक फट राहते. शनिवारच्या सामन्यात एका खेळाडूच्या मांडीला मुका मार लागला. रविवारी त्याला धावता येत नाही, सोमवारी जेमतेम, मंगळवारी तो ठीक आहे. त्याच्या संघाला रविवार-सोमवार सुट्टी असेल, तर तो एकाही सरावाला मुकला नाही, आणि बऱ्याच वह्यांत ही दुखापत उमटतच नाही. दुसऱ्या संघाचा रविवारी सराव असेल, तर तोच मार, तीच मांडी, पण दुखापत नोंदली जाते. एका ते तीन दिवसांच्या दुखापतींची संख्या अशी निम्मी शरीरावर आणि निम्मी वेळापत्रकावर ठरते. जो संघ आठवड्यात जास्त दिवस एकत्र येतो त्याच्या वहीत किरकोळ दुखापती जास्त दिसणारच.

याला उपाय आहे, आणि तो फारसा वापरला जात नाही. त्याच नियमावलीत गांभीर्याच्या पायऱ्या दिल्या आहेत: १ ते ३ दिवस, ४ ते ७, ८ ते २८ आणि २८हून जास्त. संघांची तुलना करताना फक्त आठ दिवसांच्या पुढच्या दुखापती घ्याव्यात. आठवडाभर बाहेर राहिलेला खेळाडू कोणत्याही वेळापत्रकात लपत नाही, आणि डॉक्टर किती काटेकोर आहे यावरही ती नोंद फारशी अवलंबून नसते. किंमत अशी मोजावी लागते की संख्या घटते आणि अनिश्चिततेचा पट्टा आणखी रुंद होतो. ती किंमत आम्हाला मान्य आहे. रुंद पट्ट्याचा खरा आकडा अरुंद पट्ट्याच्या खोट्यापेक्षा बरा.

काही जाणकार यावर म्हणतील की मग दर सोडा, गमावलेले दिवस मोजा. दर हजार तासांमागे किती दिवस खेळाडू बाहेर राहिले, याला दुखापतींचा भार म्हणतात. गेल्या काही वर्षांत या मापावर भर वाढला आहे आणि ते योग्यच आहे. घोट्याला आलेली तीन दिवसांची लचक आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटणं, या दोन्हींना दरात एकेकच गुण मिळतो, हा दराचा मोठा दोष. भारात तो निघून जातो. पण आपल्या दोन संघांवर हे माप लावून पाहा. ‘अ’च्या ३८ दुखापतींत ९१२ दिवस गेले, ‘ब’च्या ४२ दुखापतींत ७१४. भार ‘अ’चा १८३, ‘ब’चा १०८. पुन्हा ‘अ’ वाईट, आणि या वेळी चांगलाच वाईट. मग यादी उघडून पाहिली तर ‘अ’च्या ९१२पैकी २३० दिवस एकट्या खेळाडूच्या गुडघ्याचे. तो एक बाजूला ठेवला की भार १३७वर उतरतो. एका पावलाने अख्ख्या संघाचा आकडा चौथ्या हिश्शाने हलतो. म्हणून भार छापताना सर्वात लांब दुखापत किती दिवसांची होती हे शेजारी छापावं, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच वजाबाकी करता येईल. आणि दिवसांना दुखापतींसारखं मोजून अनिश्चिततेचा पट्टा काढू नये. ९१२ हा मोठा आकडा आहे म्हणून पट्टा अरुंद येईल, पण ते ९१२ वेगळे प्रसंग नाहीत, ३८च आहेत.

भार कमी दिसण्याचं आणखी एक कारण असू शकतं, आणि ते कौतुकाचं नाही. ‘ब’ची सरासरी १७ दिवस, ‘अ’ची २४. ‘ब’चे खेळाडू लवकर बरे होतात की लवकर मैदानात ढकलले जातात? हे सरासरीवरून कळत नाही, उलटलेल्या दुखापतींवरून कळतं. खेळाडू पूर्ण सरावात परतल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याच जागी तीच दुखापत झाली तर ती लवकर उलटलेली. वर सांगितलेल्या युरोपीय नोंदींत १२ टक्के दुखापती पुन्हा झालेल्या होत्या, आणि त्यांत खेळाडू सरासरी २४ दिवस बाहेर राहिला, एरवी १८. मांडीच्या मागच्या स्नायूचं उदाहरण घ्या. एखाद्या संघात त्याच्या दुखापतीत खेळाडू १० दिवसांत परततात आणि तीनातला एक पुन्हा पडतो, तर त्या संघाने दिवस वाचवले नाहीत, उधार घेतले.

याउपर एक गोष्ट आहे जी आकडेमोडीने सुटत नाही. नोंद करणारा माणूस आणि जाब द्यावा लागणारा माणूस एकच आहे. नॉर्वेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघांच्या वैद्यकीय पथकांनी हंगामभर केलेल्या नोंदी नंतर खेळाडूंच्या मुलाखतींशी ताडून पाहिल्या गेल्या. खेळापासून दूर ठेवणाऱ्या दुखापतींपैकी किमान पाचवा हिस्सा पथकांच्या नोंदींत आलाच नव्हता. तिथे क्रमवारी लावून कुणाची नोकरी जाणार नव्हती, तरी ही गळती होती. नोकरी जाणार असेल तर ती किती वाढेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. फिजिओला खोटं लिहावं लागत नाही. ‘जरा आखडलंय, आज सायकलवर जा’ असं म्हणून वही न उघडली की पुरे.

ही गळती बाहेरून ओळखायचा एक मार्ग आहे. लांब दुखापती लपवता येत नाहीत, किरकोळ लपवता येतात. म्हणून प्रत्येक संघाच्या सात दिवसांपर्यंतच्या दुखापतींना आठ दिवसांच्या पुढच्या दुखापतींनी भागा. लीगमधल्या बहुतेक संघांत हे गुणोत्तर साधारण एका पट्ट्यात असेल. एखाद्या संघात लांब दुखापती इतरांइतक्याच आणि किरकोळ जवळपास नाहीतच, तर त्या संघाचे खेळाडू पोलादी आहेत असं समजण्याआधी वही पाहावी. शनिवार-रविवारच्या वेळापत्रकाचा परिणाम वर सांगितला आहेच, तो आधी वजा करावा. उरलं ते नोंदीचं.

तर लीगने किंवा महासंघाने छापावं तरी काय? आमच्या मते प्रत्येक संघासाठी सामन्यांचे तास आणि दुखापती, सरावाचे तास आणि दुखापती, दोन्हींचे दर पट्ट्यांसकट, आठ दिवसांच्या पुढच्या दुखापतींचा दर, भार आणि त्यातली सर्वात लांब दुखापत, आणि दोन महिन्यांच्या आत उलटलेल्या दुखापती. संघांची नावं अक्षरक्रमाने. क्रमांकाचा रकाना नको. जे संघ लीगच्या सरासरीभोवतीच्या अपेक्षित पट्ट्याबाहेर जातील त्यांच्याकडे पाहावं, पण वरच्या बाजूने बाहेर गेलेल्यांकडे आणि खालच्या बाजूने बाहेर गेलेल्यांकडेही, कारण फार कमी दुखापती हीदेखील चौकशीची बाब आहे. १८ संघांत एखादा संघ केवळ योगायोगाने बाहेर पडेल हे धरूनच चालायचं. म्हणून एका हंगामावर काही ठरवायचं नाही. सलग तीन हंगाम एकाच बाजूला बाहेर राहिला तर विचारायचं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे: असं सगळं मोघम ठेवलं तर खरोखर वाईट चाललेल्या संघाला कुणीच जाब विचारणार नाही. पण खरोखर वाईट चाललेला संघ या पद्धतीत लपत नाही. ज्याचा सामन्यांचा दर इतरांच्या दुप्पट आहे तो बहुधा पहिल्याच हंगामात पट्ट्याबाहेर उभा राहील. ७०० तासांत १८ ऐवजी ३६ दुखापती हा योगायोगाचा खेळ नव्हे. लपतात ते १५-२० टक्क्यांचे फरक, आणि त्यांच्यावरून कुणाला काढून टाकण्याइतकं ज्ञान कुणाच्याच हाती नाही. बऱ्याच वेळा तर इतर संघांशी तुलना करण्यापेक्षा संघाने स्वतःच्याच गेल्या तीन-चार हंगामांशी तुलना करणं जास्त फळतं. वही तीच, व्याख्या तीच, सुट्टीचे दिवस साधारण तेच, त्यामुळे वर सांगितलेल्या निम्म्या भानगडी आपोआप गळतात.

नोंदींची तपासणी मात्र संघांवर सोडू नये. दर हंगामात प्रत्येक संघातून पाच-सहा खेळाडू चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि संघाबाहेरच्या माणसाने त्यांच्याशी वीस मिनिटं बोलावं: गेल्या दोन महिन्यांत कोणत्या दिवशी सराव अर्धवट सोडला, कोणत्या दिवशी आलाच नाहीस, का. त्याची उत्तरं वहीतल्या त्याच तारखांशी जुळवायची. दोन महिन्यांपलीकडे विचारू नये, खेळाडूंना मुका मार एवढा लांबचा आठवत नाही. जितक्या दुखापती खेळाडूने सांगितल्या त्यांतल्या किती वहीत सापडल्या, तो आकडा त्या संघाच्या दराशेजारी छापावा. एखाद्याच्या दरासमोर ‘सांगितलेल्या ११पैकी ६ वहीत’ असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा ४.१ वाचायचा की नाही हे वाचणारा ठरवेल.